मिरची तोडणीला गेलेला रुग्ण आणि बायकोच्या गोळ्या : एका टीबी प्रकरणाचा अभ्यास

चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर मी वैद्यकीय अधिकारी आहे. इथे मांडलेलं प्रकरण आमच्याच केंद्रातलं आहे. रुग्णाचं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत. त्यांच्या परवानगीनेच लिहितो आहे. साध्या औषधांनी बरा होणारा टीबी दहा-अकरा महिन्यांत दोन मुख्य औषधांना दाद न देणारा कसा झाला, याचा प्रत्येक टप्पा या एका माणसात दिसतो. त्यातले दोन टप्पे आमच्या नजरेखालून गेले आणि आम्हाला ते कळले नाहीत, म्हणून सविस्तर लिहिणं मला गरजेचं वाटतं.

पार्श्वभूमी

सुरेशभाऊ, वय ३८. दीड एकर धानाची शेती, बाकी मजुरी. घरी बायको, दोन मुलं आणि म्हातारी आई. नोव्हेंबरात धान कापणी चालू असताना ते पहिल्यांदा आले. सव्वा महिन्यापासून खोकला, संध्याकाळी अंग कोमट, पँट कमरेवर थांबत नव्हती. गावातल्या डॉक्टरांकडे दोनदा सुई आणि खोकल्याचं औषध घेऊन झालं होतं. वजन भरलं ४३ किलो.

बेडक्याची तपासणी केली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू भरपूर दिसले. ट्रूनॅट या जंतूचं जनुक तपासणाऱ्या यंत्रावर टीबी निघाला, रिफाम्पिसिनला प्रतिकार नव्हता. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात पोकळी होती. कोणती औषधं लागू पडतील हे जंतूच्या जनुकांवरून सांगणाऱ्या एलपीए चाचणीला एक नमुना नागपूरला पाठवला. आयसोनियाझिड आणि रिफाम्पिसिन दोन्ही लागू पडतात, असा निकाल आला. ही गोष्ट लक्षात ठेवावी. त्या दिवशी त्यांच्या छातीतला टीबी पूर्णपणे साधा होता.

उपचार नेहमीचा. पहिले दोन महिने आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल ही चार औषधं एकाच गोळीत. पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून बाकीची तीन. ४३ किलो वजनाला रोज तीन गोळ्या. घरातल्यांची तपासणी झाली, कुणाला टीबी नव्हता. त्यांच्या पत्नीला आणि मुलांना प्रतिबंधक म्हणून सहा महिन्यांच्या नुसत्या आयसोनियाझिडच्या गोळ्या सुरू केल्या. ही शेवटची ओळ लिहिताना तेव्हा माझा हात क्षणभरही अडखळला नव्हता.

चार औषधं कशाला, सहा महिने कशाला

टीबीच्या जंतूला दुप्पट व्हायला साधारण वीस तास लागतात. पण सुरेशभाऊंच्या छातीत होती तशी पोकळी असली की तिथे दहा कोटींच्या आसपास जंतू मावतात. एवढ्या गर्दीत काही जंतू औषध देण्याआधीच निराळे असतात. जंतू दुप्पट होताना जनुकात आपोआप चुका होत राहतात. त्यातल्या एखाद्या चुकीमुळे तो जंतू अमुक औषधाला जुमानत नाही. आयसोनियाझिडला न जुमानणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. म्हणजे त्या पोकळीत पहिल्याच दिवशी आयसोनियाझिडला न भिणारे शंभरेक आणि रिफाम्पिसिनला न भिणारा एखादा जंतू बसलेला धरावा. दोन्हींना एकदम न जुमानणारा मात्र एक कोटी गुणिले एक कोटी जंतूंमागे एक. तेवढे जंतू माणसाच्या अंगात मावतच नाहीत.

अनेक औषधांचं सगळं गणित या शेवटच्या वाक्यात आहे. एका औषधातून निसटलेले शंभर जंतू दुसरं औषध मारतं, दुसऱ्यातून निसटलेला पहिलं मारतं. एकच औषध दिलं तर ते शंभर जंतू वाचतात, त्यांच्यासाठी रान मोकळं होतं आणि काही आठवड्यांत पोकळी त्यांच्याच पिल्लांनी भरते. १९४८ साली निकाल छापून आलेल्या ब्रिटनमधल्या स्ट्रेप्टोमायसिनच्या प्रसिद्ध चाचणीत हेच घडलं. एकट्या स्ट्रेप्टोमायसिनने रुग्ण आधी झपाट्याने सुधारले, मग बऱ्याच जणांचा आजार परत उसळला आणि तपासलं तर जंतू औषधाला दाद देईनासे झाले होते. दोन औषधं जोडीने द्यायला सुरुवात झाली ती त्यानंतर.

सहा महिन्यांचं कारण वेगळं आहे. जोमाने वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येने मरतात. त्यात आयसोनियाझिडचा वाटा सगळ्यात मोठा. म्हणूनच तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ताप जातो, भूक लागते. पण काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, अधूनमधून थोडे जागे होतात. बहुतेक औषधं वाढणाऱ्या जंतूवरच चालतात, झोपलेल्याला ती शिवत नाहीत. रिफाम्पिसिन त्याला जाग्या झालेल्या थोड्या वेळात गाठतं. सुजलेल्या, आम्लधर्मी जागेत दडलेल्यांना पायराझिनामाइड मारतं. ही दोन औषधं नव्हती तेव्हा उपचार दीड वर्ष चालायचा. रिफाम्पिसिन आल्यावर तो नऊ महिन्यांवर आला, पायराझिनामाइडची जोड मिळाल्यावर सहावर. आमच्या आशाताई हे गावात फार छान सांगतात : "निंदण झालं म्हणजे बांधी साफ दिसते, पण मातीतलं बी कुठं गेलं?"

समस्या : पहिला खंड

दोन महिन्यांनी, जानेवारीच्या शेवटी, सुरेशभाऊंच्या बेडक्यात जंतू दिसले नाहीत. वजन ४७ किलो झालं होतं. तीन औषधांची गोळी सुरू केली. फेब्रुवारीच्या मध्यावर गावातली वीस-बावीस माणसं तेलंगणात मिरची तोडणीला निघाली, त्यांत हे दोघंही नवरा-बायको गेले. मुलं आजीजवळ राहिली.

आमच्याकडे हे कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. या भागात धान निघाला की माणसं मिरचीला जातात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तरी आमच्या उपचार कार्डावर 'कापणीनंतर कुठे जाणार' असा रकाना नव्हता आणि माझ्याही तोंडी तो प्रश्न नव्हता.

पुढे काय झालं ते आम्हाला आठ महिन्यांनी, ऑक्टोबरात, खाटेवर शेजारी बसून विचारलं तेव्हा कळलं. निघताना त्यांच्याकडे दीड पाकीट होतं, म्हणजे बेचाळीस गोळ्या, चौदा दिवसांचा साठा. पहिला आठवडा त्यांनी रोज तीन घेतल्या. मग पुरवून खायचं ठरवलं आणि रोज एक घेऊ लागले. तशी ती तीन आठवडे पुरली. मार्चच्या मध्यावर गोळ्या संपल्या. अंगात ताकद होती, काम होत होतं.

"मले काई होत नव्हतं जी. भूक लागे, दिवसभर तोडणी करो. मंग गोळी कायले शोधत फिरू?"

दोन-तीन आठवडे काहीच औषध नव्हतं. एप्रिलच्या सुरुवातीला खोकला परत आला. पण मिरचीच्या वावरात सगळेच ठसकतात. वाळत घातलेली मिरची उलटताना प्रत्येकाच्या नाकातोंडात धूळ जाते. त्यांच्या खोकल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. संध्याकाळी ताप यायला लागला तेव्हा वहिनींनी आपल्या पिशवीतलं पाकीट काढलं. त्यांच्या प्रतिबंधक गोळ्या त्या नेमाने खात होत्या आणि सोबत दोन महिन्यांचा साठा होता. "याबी टीबीच्याच गोळ्या होय," म्हणून रोज एक त्यांनी नवऱ्याला दिली. त्यांनी ते किती जिवापाड केलं असेल, हे मला आजही कळतं.

ताप चार-पाच दिवसांत उतरला. खोकला कमी झाला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा वाढला, या वेळी गोळी चालू असताना.

अशा चढउताराचा अर्थ क्षयरोगाचं काम करणाऱ्याला ऐकताक्षणी कळायला हवा. गोळ्या बंद होत्या तेव्हा उरलेसुरले जंतू पुन्हा लाखांनी आणि कोटींनी वाढले. नुसता खंड पडला म्हणून प्रतिकार येतोच असं नाही. सगळी औषधं एकदम थांबली तर साधे आणि निराळे जंतू सारखेच वाढतात. पण संख्या परत मोठी झाली की तिच्यात आयसोनियाझिडला न जुमानणारेही पुन्हा तयार होतात. त्याच वेळी त्यांना नेमकं एकटं आयसोनियाझिड मिळालं. साधे जंतू मेले म्हणून ताप उतरला. निराळे उरले, वाढले, म्हणून खोकला परत आला. बाहेरून पाहणाऱ्याला आधी औषध लागू पडलं आणि मग बंद पडलं असं दिसतं. आतमध्ये मात्र एका जातीची जागा दुसरीने घेतलेली असते.

परतल्यावर : कोणते पर्याय होते

मेच्या पहिल्या आठवड्यात ते आले. वजन ४४ किलो, बेडक्यात पुन्हा जंतू. उपचार महिन्याहून जास्त तुटला होता, म्हणून नियमाप्रमाणे नव्याने तपासणी केली. ट्रूनॅटने टीबी दाखवला आणि रिफाम्पिसिनला प्रतिकार नाही असं सांगितलं. ते खरंच होतं. पण आमची ही चाचणी रिफाम्पिसिनबद्दलच सांगते, आयसोनियाझिडबद्दल नाही. त्यासाठी एलपीएचा नमुना पुन्हा नागपूरला पाठवला.

माझ्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे नेहमीची चार औषधं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची आणि एलपीए आला की बदल करायचा. दुसरी, एलपीए येईपर्यंत थांबायचं. तिसरी, आयसोनियाझिडला प्रतिकार असेल असं धरून लिव्होफ्लोक्सासिन असलेला सहा महिन्यांचा निराळा उपचार द्यायचा. थांबणं शक्य नव्हतं. माणूस खोकत होता आणि घरात दोन लेकरं होती. तिसऱ्या वाटेला माझ्याकडे आधार नव्हता. पहिली निवडली. आजही तशा परिस्थितीत मी तीच निवडीन, पण तिच्या दुसऱ्या अर्ध्या भागासकट. तोच अर्धा भाग आमच्याकडून सुटला.

मेमधल्या चंद्रपूरच्या उन्हात नमुन्याची बाटली रस्त्यात गळली. नऊ दिवसांनी टीबी रुग्णांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी निक्षय पोर्टलवर शेरा आला की नमुना अपुरा आहे, नवा पाठवा. आमचे पर्यवेक्षक तेव्हा रजेवर होते आणि मी पोर्टल उघडलं नाही. नवा नमुना गेला नाही. कार्डावर 'एलपीए पाठवला' एवढंच लिहिलेलं राहिलं. पुढे जो कुणी कार्ड बघेल त्याला काम झाल्यासारखं वाटलं असतं.

दुसरी चूक याहून छोटी आणि याहून महागात पडलेली. "मधल्या काळात काही गोळ्या घेतल्या का?" असं मी विचारलं. ते म्हणाले, "घेतल्या न जी, टीबीच्याच." मला ते ऐकून बरं वाटलं. कोणत्या, कशा दिसत होत्या, पाकीट आहे का, हे मी विचारलं नाही. लघवी लाल-केशरी होत होती का, एवढं विचारलं असतं तरी कळलं असतं. रिफाम्पिसिन पोटात असेल तर लघवीचा रंग बदलतो, नुसत्या आयसोनियाझिडने बदलत नाही.

दुसरा खंड

पहिले दोन महिने ठीक गेले. चार औषधांतलं एक निकामी होतं, तरी उरलेली तीन जंतू दाबून धरत होती. जूनअखेर जाताजाता केलेल्या बेडक्याच्या तपासणीत जंतू नव्हते. मग पायराझिनामाइड बंद झालं. आता कार्डावर तीन औषधं होती, पण खरं काम करणारं एकटं रिफाम्पिसिन आणि सोबतीला दुबळं इथॅम्ब्युटॉल. हे आम्हाला माहीत नव्हतं.

जुलै-ऑगस्टात रोवणी आली. सकाळी सहाला चिखलात उतरायचं, उपाशीपोटी तीन गोळ्या घेतल्या की मळमळ. मग आज नको, उद्या घेऊ. आठवड्यात दोन-तीन दिवस सुटू लागले. आयसोनियाझिड धड असतं तर एवढ्या सुटीने रिफाम्पिसिनला प्रतिकार येण्याची शक्यता खूप कमी होती. इथे राखणदारच नव्हता. इथॅम्ब्युटॉल मुख्यतः जंतूची वाढ रोखतं, मारायचं काम त्याच्याकडून फारसं होत नाही. दिवस सुटला की वाढ व्हायची, गोळी घेतली की रिफाम्पिसिनने निवड व्हायची.

सप्टेंबरात खोकला परत सुरू झाला. तेव्हाचा एक क्षण मला लिहिलाच पाहिजे. माझ्या मनात आलं की चालू उपचारात एक लिव्होफ्लोक्सासिन जोडून पाहू. चिठ्ठीवर लिहायलाही घेतलं. जिल्ह्याच्या क्षयरोग विभागातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सहज फोन केला, तर ते एवढंच म्हणाले, "हरत चाललेल्या उपचारात एकटं औषध घालू नकोस. ते एकट्यानेच लढेल." एप्रिलमध्ये वहिनींनी अजाणता जे केलं होतं तेच मी चिठ्ठीवर करणार होतो. त्या एका फोनमुळे लिव्होफ्लोक्सासिन ज्यात येतं त्या फ्लोरोक्विनोलोन गटाची औषधं शाबूत राहिली, आणि पुढचा उपचार त्याच गटावर उभा राहिला.

त्याच आठवड्यात बेडका पाठवायला हवा होता. तो ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेला. निकाल : रिफाम्पिसिनला प्रतिकार. या वेळी एलपीएचा नमुना पर्यवेक्षकांनी स्वतः बर्फाच्या डब्यातून नेला. आयसोनियाझिडला प्रतिकार, रिफाम्पिसिनला प्रतिकार, फ्लोरोक्विनोलोन लागू. म्हणजे एमडीआर, दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा टीबी. वजन ४१ किलो.

कृती

सुरेशभाऊंना जिल्हा रुग्णालयात भरती केलं. हृदयाचा आलेख, हिमोग्लोबिन, डोळे आणि पायांची संवेदना तपासून नवा उपचार सुरू झाला : बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन. हाही सहा महिन्यांचा, फक्त तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा. काही वर्षांपूर्वी याच आजारासाठी दीड-दोन वर्षं औषध आणि महिनोन् महिने रोजची सुई लागायची. सुरेशभाऊंच्या वाट्याला ती आली नाही, याचं मला मोठं समाधान आहे.

पण ही औषधं अंगावर येतात. चौथ्या महिन्यात तळपायाची आग सुरू झाली. एकदा ते दवाखान्यात एकाच पायात चप्पल घालून आले. दुसरी वाटेत निसटली होती आणि पायाला ते कळलंच नव्हतं. लिनेझोलिडने नसा दुखावतात, तो प्रकार होता. जिल्ह्याच्या तज्ज्ञांना विचारून रोजची मात्रा ६०० मिलिग्रॅमवरून ३०० वर आणली. पूर्ण बंद केलं नाही, कारण बाकीच्या औषधांना राखणदार हवा होता.

गोळ्या देण्याची रीतही बदलली. आशाताई रोज सकाळी सातला बांधावर जायच्या. आधी भाकरी, मग गोळी. मळमळीवर उपाय एवढाच निघाला. तो रोवणीतही करता आला असता.

परिणाम

तिसऱ्या महिन्यात कल्चरमध्ये, म्हणजे बेडका प्रयोगशाळेत वाढवून पाहिला तेव्हा, जंतू वाढणं थांबलं. सहा महिने पूर्ण झाले तेव्हा वजन ४९ किलो होतं. तळपायाची आग बरीच कमी झाली आहे, बधिरपणा थोडा उरला आहे. धानाच्या बांधीत अनवाणी चालणाऱ्या माणसाला तो थोडा नसतो. उजव्या फुफ्फुसात व्रण राहिला, त्यामुळे पोतं उचललं की दम लागतो. आई, पत्नी आणि मुलांच्या तपासण्या आतापर्यंत स्वच्छ आहेत, पण त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल. त्यांना लागण झाली असेल तर ती साध्या जंतूची की नव्या, हे आज कुणी सांगू शकत नाही.

काय वेगळं करता आलं असतं

निर्णयाच्या जागा पुन्हा तपासताना मला सगळ्यात आधी नोव्हेंबरचा दिवस दिसतो. तेव्हाच स्थलांतराचं विचारलं असतं तर महिनाभराच्या पुऱ्या गोळ्या आणि निक्षय क्रमांक देऊन तेलंगणातल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात उपचार वर्ग करता आला असता. निक्षय क्रमांकावर देशात कुठेही मोफत औषध मिळतं. ते ही गोष्ट जाणत नव्हते, कारण आम्ही सांगितली नव्हती.

प्रतिबंधक गोळ्यांचं मी आता वेगळं सांगतो. ज्याच्या अंगात जंतू मूठभर आणि झोपलेले आहेत त्याला एक औषध पुरतं. ज्याच्या छातीत ते कोट्यवधी आहेत त्याला तेच औषध घात करतं. हे आम्ही घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून, दोन्ही पाकिटं हातात देऊन समजावतो. दोन्ही 'टीबीच्या गोळ्या' असल्या तरी एकीवर एकच नाव छापलेलं आहे आणि दुसरीवर तीन-चार, हे बोटाने दाखवतो.

तुटलेल्या उपचारानंतर आलेल्या रुग्णाचा एलपीए निकाल हातात पडेपर्यंत त्याचं कार्ड माझ्या टेबलावरच्या वेगळ्या खणात राहतं. 'पाठवला' असा शेरा आता चालत नाही, 'आला' असाच लागतो. या खणाने गेल्या पावसाळ्यात एक आयसोनियाझिड-प्रतिकाराचा रुग्ण वेळेत पकडून दिला. त्याला लिव्होफ्लोक्सासिनचा पूर्ण उपचार मिळाला आणि रिफाम्पिसिन वाचलं.

सुरेशभाऊ औषध सोडून गेले, असं सुरुवातीच्या नोंदीत मीच लिहिलं होतं. ते खोडून आता तिथे 'मिरची तोडणीला गेले, सोबत चौदा दिवसांच्या गोळ्या' असं लिहिलं आहे.

या फेब्रुवारीत ते मिरचीला गेले नाहीत. गावातले तिघे रुग्ण गेले. निघायच्या आदल्या संध्याकाळी सुरेशभाऊ त्यांना घेऊन स्वतः केंद्रावर आले, तिघांच्याही गोळ्या त्यांनी टेबलावर मांडून मोजल्या आणि एकाच्या सहा कमी भरल्या म्हणून आमच्या औषधनिर्मात्याला पुन्हा कपाट उघडायला लावलं. त्यांचा स्वतःचा पुढचा नमुना जूनमध्ये आहे.